न झालेल्या सभेचे इतिवृत्त आणि उशिरा लिहिलेले खरे इतिवृत्त

(मालेगाव, जिल्हा वाशीम येथील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या कपाटात हजेरीपट, कीर्द, आवक-जावक नोंदवही यांच्या शेजारी एक जाड बांधणीची वही असते. तिच्यावर ‘शाळा व्यवस्थापन समिती : इतिवृत्त’ असे लिहिलेले असते आणि बोलण्यात सर्वजण तिला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. मुख्याध्यापक हे ह्या समितीचे सचिव असल्यामुळे ही वही लिहिण्याचे काम त्यांच्याकडे येते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या २१व्या कलमाने ही समिती निर्माण केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ह्यावर समितीने लक्ष ठेवावे, असे ते कलम सांगते. अनुदानाविषयीची ही शेवटची तरतूद प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

ह्या वहीसंबंधी शिक्षकापुढे दोन प्रसंग येतात. बाहेरून ते सारखे दिसतात, पण त्यांचे स्वरूप अगदी भिन्न आहे. पहिल्या प्रसंगी सभा झालेलीच नसते आणि ती झाली असे लिहून द्यावे अशी मागणी होते. दुसऱ्या प्रसंगी सभा खरोखर झालेली असते, परंतु तिचे इतिवृत्त वेळेवर लिहिलेले नसते. पहिले लिहिण्यास नकार द्यावयाचा असतो. दुसरे लिहावयाचेच असते, पण विशिष्ट रीतीने. पुष्कळदा असे होते की पहिले भीतीपोटी लिहिले जाते आणि दुसरे त्याच भीतीपोटी जुन्या तारखेने, जणू त्याच दिवशी लिहिले असावे असे भासवून, वहीत घुसविले जाते. असे केल्याने खऱ्या सभेची नोंदही खोटी ठरते.

पहिला प्रसंग एका उदाहरणाने पाहू. मालेगाव तालुक्यातील एखाद्या लहान गावची दोनशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. एका वर्गखोलीचे पत्रे गंजून गळू लागले होते. मार्च महिना तोंडावर आला होता आणि अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्च करावयाचे होते. अध्यक्ष व मुख्याध्यापक यांनी आपसांत बोलून ३ मार्च २०२५ रोजी पत्रे आणून बसविले. ९०० रुपये दराने १२ पत्र्यांचे १०,८०० रुपये, खिळे, हुक व वायसरचे ६०० रुपये आणि मजुरीचे ३,००० रुपये, असे एकूण १४,४०० रुपये झाले. काम चांगले झाले व मुलांच्या डोक्यावरचे पाणी थांबण्याची सोय झाली. पुढे कागदपत्रे जुळविताना ध्यानात आले की खर्चापूर्वी समितीचा ठराव असावयास हवा होता, आणि फेब्रुवारीत सभाच झालेली नव्हती.

मग निरोप येतो, “गुरुजी, फेब्रुवारीतली एक तारीख घालून प्रोसिडिंग लिहून टाका, सह्या घेऊ फिरवून.” अध्यक्षही म्हणतात, “सगळ्यांना पत्रे हवेच होते की! कोणाची ना होती? सभा घेतली असती तरी हेच ठरले असते.”

अध्यक्षांचे हे म्हणणे वरवर समंजस वाटते, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. सर्वांची संमती होती हे कदाचित खरेही असेल. परंतु इतिवृत्त हा संमतीचा दाखला नाही. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, इतके लोक एकत्र बसले, त्यांच्यापुढे अमुक विषय मांडला गेला, त्यावर बोलण्याची प्रत्येकाला संधी होती आणि शेवटी असे ठरले, ह्या घटनेची ती नोंद आहे. घटनाच घडली नसेल तर नोंद कशाची करावयाची? शिवाय येथे तारीख ही केवळ कागदाच्या कोपऱ्यातील बाब नाही. खर्चापूर्वी दिलेली परवानगी आणि खर्चानंतर दिलेली मान्यता ही दोन निराळी कृत्ये आहेत. परवानगी देताना सदस्य ‘नको’ म्हणू शकतो. मान्यतेच्या वेळी पैसे गेलेले असतात आणि तो फक्त हिशेब विचारू शकतो. मार्चमध्ये बसून फेब्रुवारीची तारीख घालणारा माणूस दुसऱ्या कृत्याला पहिल्याचे नाव देतो.

दुसरी गोष्ट सह्यांची. समितीतील आईबापांपैकी काहींना लिहिता-वाचता येते, काही जण अंगठा उठवितात. शाळेचा कागद आला आणि गुरुजींनी बोट दाखविले तेथे सही करावयाची, इतका त्यांचा शाळेवर विश्वास असतो. त्या विश्वासावर वही घरोघर फिरविली की, आपण फेब्रुवारीत शाळेत जाऊन बसलो होतो व ह्या खर्चाला हो म्हटले होते, अशी साक्ष त्यांच्या नकळत त्यांच्या नावावर चढते. पुढे चौकशी झाली तर प्रश्न त्यांनाही विचारला जाईल, आणि उत्तर देताना त्या बाईला किंवा त्या मजुराला एकतर खोटे बोलावे लागेल, नाहीतर गुरुजींना खोटे पाडावे लागेल.

तिसरी गोष्ट अशी की एक खोटे इतिवृत्त एकटे राहू शकत नाही. सभा म्हटली की सूचना आली. सूचना म्हटली की जावक क्रमांक आला. जावक नोंदवहीत फेब्रुवारीच्या दोन ओळींच्या मध्ये जागा नसते, म्हणून मग एखाद्या क्रमांकाला ‘अ’ जोडावा लागतो. उपस्थितीचे पान लागते. इतिवृत्तवहीत फेब्रुवारीचे पान मोकळे नसेल तर आधीच्या सभेखाली उरलेल्या जागेत अक्षर बारीक करून लिहावे लागते. अशा रीतीने एका वहीतील खोट्यासाठी तीन वह्या बिघडतात.

अशी नोंद ओळखू येते, आणि तपासणाऱ्या अनुभवी माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत. दिलेल्या तारखेस रविवार किंवा सुट्टी निघते. घाईत ‘२६ फेब्रुवारी २०२५’ लिहिणाऱ्याला त्या दिवशी महाशिवरात्र होती हे आठवत नाही. त्या दिवशी बाहेरगावी असलेला सदस्य हजर दिसतो. सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच दाबाच्या आणि एका खाली एक ओळीत आलेल्या असतात. खऱ्या सभेत लोक मागेपुढे येतात आणि सह्याही तशाच येतात. सर्वांत बोलका पुरावा ठरावाच्या मजकुरात सापडतो. ‘पत्रे बसविण्यासाठी १४,४०० रुपये खर्चास मंजुरी’ असा नेमका आकडा बिल येण्यापूर्वी दोन आठवडे समितीला कसा कळला? खऱ्या पूर्वमंजुरीत ‘पंधरा हजार रुपयांच्या मर्यादेत’ असा अंदाज असतो. रुपयापर्यंत जुळणारी रक्कम बहुधा बिल पाहून लिहिलेली असते.

ह्याच जिल्ह्याचा इतिहास तारखेचे महत्त्व फार सोप्या रीतीने दाखवितो. मालेगाव तालुका पूर्वी अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. म्हणून एखाद्या जुन्या दप्तरात १९९५ सालची म्हणून दाखविलेली नोंद असेल आणि तिच्यावर ‘जिल्हा परिषद, वाशीम’ असा शिक्का असेल, तर तो शिक्का तरी त्या वर्षी मारलेला नाही हे सांगण्यास हस्ताक्षरतज्ज्ञाची गरज नाही. त्या वर्षी असा शिक्का असणेच शक्य नव्हते. मागील तारखेचा कागद लिहिणाऱ्याच्या हाती आजचे ज्ञान, आजची शाई व आजचा शिक्का असतो, आणि त्यांतील काही ना काही कागदावर उतरतेच.

कायद्याची दृष्टीही येथे समजून घ्यावी. भारतीय दंडसंहितेतील खोट्या दस्तऐवजाच्या ४६४व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३५व्या कलमाखालीही ते आहे. एक मनुष्य आपली मिळकत एकाला विकतो. पुढे त्या खरेदीदाराला फसविण्यासाठी तीच मिळकत दुसऱ्याला दिल्याचा कागद तो सहा महिने आधीची तारीख घालून करतो. सही त्याची स्वतःचीच असते, तरी ते बनावटीकरणच होय, असे कायदा म्हणतो. स्वतःच्या नावाची खरी सही केली म्हणजे कागद खरा होतो, ही समजूत येथे मोडते. अर्थात ह्या अपराधाला अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो, आणि पत्रे खरेच बसविलेल्या शिक्षकाचा हेतू तसा नसेल. परंतु आपला हेतू निर्मळ होता हे पुढे चौकशीत सिद्ध करीत बसण्याची पाळी आणणारा कागद मुळात करूच नये, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

मग शिक्षकाने काय करावे? नकार देताना वाद घालण्याचे कारण नाही. “साहेब, फेब्रुवारीत सभा झाली नाही, म्हणून तिचे इतिवृत्त देता येत नाही. ह्याच आठवड्यात सभा बोलावून खर्च समितीपुढे ठेवतो व त्या सभेचे इतिवृत्त पाठवितो,” इतके म्हणणे पुरे. मागणी पुन्हा आली तर हेच उत्तर कागदावर द्यावे व त्याला जावक क्रमांक घालावा. नकारासोबत करता येण्याजोगी दुसरी गोष्ट लगेच पुढे केली म्हणजे नकार हटवादी वाटत नाही, आणि वरच्या कचेरीचे अडलेले कामही पुढे सरकते.

उदाहरणातील शाळेने तसेच केले असे समजू. नियमाप्रमाणे सूचना काढून १२ मार्च २०२५ रोजी सभा घेतली. विषयपत्रिकेत ‘वर्गखोलीच्या छपराच्या दुरुस्तीवर झालेल्या खर्चाची माहिती देणे व कार्योत्तर मंजुरीचा विचार करणे’ असा विषय उघडपणे ठेवला. बिल सर्वांना वाचून दाखविले. तेव्हा एका मुलीच्या आईने विचारले, “बिलात बारा पत्रे आहेत, वर तर दहाच दिसतात. दोन कुठे गेले?” चौकशीअंती समजले की दोन पत्रे मुलींच्या स्वच्छतागृहावर टाकले आहेत, परंतु बिलावर व साठा नोंदवहीत त्याचा उल्लेख नाही. सदस्यांनी उठून ते पत्रे पाहिले. मग ठराव झाला. तो पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

“दिनांक ३ मार्च २०२५ रोजी वर्गखोलीच्या छपरासाठी १० व मुलींच्या स्वच्छतागृहासाठी २ असे एकूण १२ पत्रे बसविण्यात आले व त्यावर एकूण रुपये १४,४०० खर्च झाला. ह्या खर्चास समितीची पूर्वमंजुरी घेण्यात आलेली नव्हती. सदस्यांनी बिल व प्रत्यक्ष काम पाहिले. साठा नोंदवहीत योग्य नोंद करण्याच्या अटीवर ह्या खर्चास समिती आज दिनांक १२ मार्च २०२५ रोजी कार्योत्तर मंजुरी देत आहे.”

‘पूर्वमंजुरी घेण्यात आलेली नव्हती’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण ठरावाचा भार ह्याच वाक्यावर आहे. ते असले म्हणजे पुढे कोणीही काही लपविले असे म्हणू शकत नाही. कार्योत्तर मंजुरीने मागील उणीव नाहीशी होते असे मात्र नाही. ती पुरेशी मानावी की खुलासा मागवावा, हे त्या अनुदानाच्या अटी पाहून वरिष्ठ कचेरी ठरवील. समितीलाही मंजुरी नाकारण्याचा किंवा अट घालण्याचा अधिकार आहे. शिक्षकाला कदाचित एक खुलासा लिहावा लागेल. परंतु तो उशिराविषयीचा खुलासा असेल, खोटेपणाविषयीचा नसेल. फेब्रुवारीचे काल्पनिक इतिवृत्त लिहिले असते तर त्या आईचा प्रश्न कोणत्याही वहीत आला नसता, कारण न झालेल्या सभेत कोणी प्रश्न विचारीत नाही. अध्यक्षांच्या ‘हेच ठरले असते’ ह्या म्हणण्याला यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

ह्याच्या जवळचा आणखी एक प्रकार आहे. सूचना निघते, दिवस ठरतो, पण सोयाबीनच्या काढणीचे दिवस असल्यामुळे चारच सदस्य येतात व गणपूर्ती होत नाही. येथेही पुष्कळ जण उरलेल्यांच्या सह्या घरी जाऊन घेतात. त्याऐवजी वहीत सरळ लिहावे की अमुक तारखेस सभा बोलाविली होती, पुढील सदस्य उपस्थित राहिले, गणपूर्ती न झाल्यामुळे सभा तहकूब करण्यात आली. त्याखाली आलेल्यांच्याच सह्या घ्याव्यात. सभा झाली नाही ही सुद्धा एक खरी नोंद आहे, आणि महिना रिकामा दिसण्यापेक्षा ती नोंद शाळेचा प्रयत्न दाखविते.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. येथे सभा खरी आहे. दुसऱ्या एका शाळेत १८ जानेवारी २०२५ रोजी सभा झाली. सूचना निघाली होती, उपस्थितीच्या पानावर त्याच दिवशी नऊ सह्या झाल्या होत्या. मुख्याध्यापकांनी दोन सुट्या कागदांवर टिपणे घेतली होती आणि सवडीने लिहू म्हणून वहीची ४१ व ४२ ही पाने कोरी सोडली. नंतर दुसऱ्या कामांत ते राहून गेले. पुढील सभांची इतिवृत्ते ४३व्या पानापासून ५०व्या पानापर्यंत लिहिली गेली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दप्तर लावताना, २४ जून २०२५ रोजी, ती टिपणे सापडली.

मोह स्पष्ट आहे. पाने कोरी आहेत, टिपणे हाताशी आहेत, सभा खरी आहे. ४१व्या पानावर लिहून टाकले तर कोणाला काय कळणार? परंतु त्या जागी लिहिल्याने वाचणाऱ्याचा असा समज होतो की हे जानेवारीतच लिहिले गेले. सभा खरी, मजकूर खरा, आणि लिहिण्याची वेळ तेवढी खोटी. हे खोटे उघड झाले की खऱ्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

उशीर हा दोष आहे, पण तो असत्य नाही, हा भेद कायद्यानेही मानलेला आहे. कंपन्यांच्या २०१३च्या कायद्याचे ११८वे कलम सभा संपल्यापासून ३० दिवसांत इतिवृत्त वहीत नोंदविण्याची मुदत देते. म्हणजे सभेचा दिवस आणि लिहिण्याचा दिवस निराळे असू शकतात हे त्यात गृहीत आहे. कंपनी सचिवांसाठी ठरविलेल्या मानकानुसार इतिवृत्त वहीत ज्या दिवशी उतरविले ती तारीखही नोंदवावी लागते. शाळेच्या समितीला तो कायदा लागू नाही. तथापि त्यातील रीत घेण्यासारखी आहे : तारखा दोन असतील तर दोन्ही लिहाव्यात.

म्हणून त्या शाळेतील काम पुढीलप्रमाणे करावे. प्रथम ४१ व ४२ ही कोरी पाने तिरकी रेघ मारून रद्द करावीत. त्यांवर ‘हे पान कोरे राहिले. दिनांक १८ जानेवारी २०२५ च्या सभेचे इतिवृत्त पान ५१ वर पाहावे’ असे लिहून त्याखाली सही व २४ जून २०२५ ही तारीख घालावी. मग ५१व्या पानावर, म्हणजे वहीतील पहिल्या खऱ्या मोकळ्या जागी, इतिवृत्त लिहावे. मथळ्यात दोन्ही तारखा याव्यात : ‘दिनांक १८ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या सभेचे इतिवृत्त, दिनांक २४ जून २०२५ रोजी नोंदविलेले.’ मथळ्याखाली उशिराचे कारण एका वाक्यात द्यावे. ते लांबवू नये, सजवू नये.

त्यानंतर हे इतिवृत्त कशावरून लिहिले ते सांगावे. सूचना व तिचा जावक क्रमांक, उपस्थितीचे पान आणि मुख्याध्यापकांची दोन पाने टिपणे, हे तीन आधार येथे आहेत. ही टिपणे स्वच्छ लिहून झाली म्हणून फाडून टाकू नयेत. त्यांच्या मागे आजच्या तारखेने ‘हीच ती मूळ टिपणे’ अशी सही करून ती फाईलला लावावीत. त्यांचे वजन स्वच्छ प्रतीपेक्षा जास्त असते. साक्षीदाराला आठवण ताजी करण्यासाठी कोणता लेख पाहता येतो, हे १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात १५९व्या कलमात सांगितलेले होते आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १६२व्या कलमात आहे. घटनेच्या वेळीच, किंवा आठवण ताजी असेल इतक्या लवकर लिहिलेला लेख त्यासाठी चालतो. जानेवारीत लिहिलेले चुरगळलेले टिपण ह्या कसोटीला उतरते. जूनमध्ये आठवून लिहिलेला सुवाच्य परिच्छेद उतरेलच असे नाही.

मजकूर लिहिताना टिपणात जे आहे तेच घ्यावे. टिपणात ‘कुंपण, लोकवर्गणी, मान्य’ एवढेच असेल तर ‘कुंपणाचे काम लोकवर्गणीतून करण्यास मान्यता देण्यात आली’ इतकेच लिहावे. त्यात वर्गणीचा आकडा आठवणीने घालू नये. सूचक व अनुमोदक यांची नावे टिपणात नसतील तर त्या जागी ‘नोंद नाही’ असे लिहावे. दोन नावे सोयीने निवडून घालणे हे न झालेल्या सभेच्याच जातीचे कृत्य होय. ठरावांचे क्रमांकही मागे सरकवू नयेत. फेब्रुवारीच्या ठरावाला ६ हा क्रमांक गेला असेल व शेवटचा ठराव १० असेल, तर जानेवारीच्या ठरावाला ११ द्यावा आणि पुढे ‘१८ जानेवारीच्या सभेतील’ असे म्हणावे. हजेरीसाठी जानेवारीतील सह्याच प्रमाण मानाव्यात. तेव्हा हजर असून सही राहिलेल्या सदस्याची आज उपस्थितीच्या रकान्यात सही घेऊ नये. तो हजर होता असे इतरांना आठवत असेल तर ते पुढील सभेत सांगितले जाईल व त्या सभेच्या इतिवृत्तात येईल.

हे लेखन तेवढ्याने पुरे होत नाही. ते पुढील सभेपुढे वाचले गेले पाहिजे. समजा ही सभा ५ जुलै २०२५ रोजी झाली. विषयपत्रिकेत ‘१८ जानेवारीच्या सभेचे उशिरा नोंदविलेले इतिवृत्त वाचणे व कायम करणे’ हा विषय स्वतंत्र ठेवला. वाचन झाल्यावर एक सदस्य म्हणाले, “कुंपण ठरले, पण ते पावसाळ्यानंतर करायचे असे बोलणे झाले होते.” जानेवारीत हजर असलेल्या आणखी दोघांनी त्यास दुजोरा दिला. आता ५१व्या पानावर जाऊन ओळींच्या मध्ये ‘पावसाळ्यानंतर’ हा शब्द घालावयाचा नाही. ५ जुलैच्या इतिवृत्तात लिहावयाचे की, अमुक सदस्यांनी अशी दुरुस्ती सुचविली, जानेवारीच्या सभेस उपस्थित असलेल्या इतर दोन सदस्यांनी ती मान्य केली, आणि ह्या दुरुस्तीसह ते इतिवृत्त कायम करण्यात आले. ५१व्या पानाच्या समासात फक्त ‘दुरुस्तीसाठी दिनांक ५ जुलै २०२५ चे इतिवृत्त पाहावे’ एवढा निर्देश सहीनिशी करावा. अध्यक्ष ५१व्या पानावर जी सही करतील तिच्याखाली तारीखही ५ जुलैचीच घालतील. जानेवारीतील सभेस जे नव्हते त्यांनी दुरुस्तीविषयी मत देऊ नये. त्यांनी केवळ वाचन ऐकले अशी नोंद असावी.

ह्या रीतीला मर्यादा आहेत आणि त्या ओळखून थांबावे लागते. मधल्या काळात मुख्याध्यापकांची बदली झाली असेल, तर नवीन मुख्याध्यापकाने ज्या सभेस तो नव्हता तिचे इतिवृत्त स्वतः पाहिल्याप्रमाणे लिहू नये. त्याने जुन्या मुख्याध्यापकांकडून टिपणे व त्यांच्या सहीचे, आजच्या तारखेचे निवेदन मागवावे आणि त्या आधारे नोंद केली असे स्पष्ट लिहावे. टिपणेच नसतील, उपस्थितीचे पानही सापडत नसेल आणि केवळ कोणाकोणाची आठवण उरली असेल, तर इतिवृत्त लिहूच नये. अशा वेळी ‘अमुक सुमारास सभा झाल्याचे तीन सदस्य सांगतात, तिची कागदपत्रे उपलब्ध नाहीत’ असे टिपण फाईलला ठेवावे. त्या सभेत ठरलेली गोष्ट आजही हवी असेल तर ती नव्या सभेपुढे आणून पुन्हा ठरवावी. पुन्हा घेतलेला निर्णय आजपासून बलवान असतो. आठवणीतून उभा केलेला जुना निर्णय पहिल्या विरोधालाच डळमळतो.

उशीर टाळण्याचा उपाय मात्र सोपा आहे आणि त्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. सभा संपताना, लोक उठण्यापूर्वी, सचिवाने त्या दिवशी झालेले ठराव आपल्या कच्च्या टिपणातून मोठ्याने वाचावेत. कोणाचे काही म्हणणे असेल तर तेथेच दुरुस्त करावे. मग त्या कच्च्या कागदाखाली अध्यक्ष व सचिव यांनी तारखेसह सही करावी. कागद साधा असला, अक्षर वेडेवाकडे असले, तरी चालेल. वहीतील स्वच्छ प्रत दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने झाली तरी तिला मागे धरावयास हा कागद असतो. ज्या महिन्यात असा कागद निघाला नाही, त्या महिन्याच्या सभेविषयी पुढे कोणी विचारले तर उपस्थितीचे पान उघडावे, आणि त्यावर सह्या नसतील तर सभा झाल्याचे कोणाच्याही सांगण्यावरून लिहू नये.